लॉगिन पेज टेस्ट कसं कराल? इंटरव्ह्यूमधल्या एका प्रश्नाचं पूर्ण उत्तर

(हा या भागाचा लेखी मसुदा. बोलताना झालेलं पाल्हाळ आणि खोकला कापलाय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

आज एकच प्रश्न घेऊन बसलेय. टेस्ट ऑटोमेशनच्या इंटरव्ह्यूला गेलात की कधी ना कधी हा समोर येतोच: "समजा आमच्याकडे एक लॉगिन फीचर आहे, टेस्टिंग शून्यापासून सुरू करायचंय, तुमची स्ट्रॅटेजी काय?"

माझं पहिल्यांदा काय झालं ते आधी सांगते. प्रश्न ऐकला आणि मनात म्हटलं, हे तर सोपं आहे. सुटलेच. बरोबर ईमेल बरोबर पासवर्ड, बरोबर ईमेल चुकीचा पासवर्ड, दोन्ही रिकामे, ईमेलमध्ये स्पेस, एसक्यूएल इंजेक्शन, बटणाचा रंग, टॅब दाबल्यावर कर्सर कुठे जातो... दहा मिनिटांत चाळीसेक केसेस म्हणून दाखवल्या. समोरच्या मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "उद्या सकाळी रिलीज आहे आणि तुला यातल्या पाचच करता येणार आहेत. कुठल्या पाच? आणि का?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येताना रिक्षात बसल्यावर कळलं की त्यांनी स्ट्रॅटेजी विचारली होती आणि मी यादी दिली होती.

यादी कोणीही देतं. स्ट्रॅटेजी म्हणजे तीन गोष्टी ठरवणं: काय बिघडलं तर सगळ्यात महाग पडेल, ते बिघडलंय हे सगळ्यात स्वस्तात कुठे कळेल, आणि काय मुद्दाम सोडून द्यायचं. आज या तीन गोष्टी एका लॉगिनवर करून बघू.

आधी प्रश्न विचारा

पहिली दोन-तीन मिनिटं तुम्ही विचारायचं, त्यांनी सांगायचं. पण "रिक्वायरमेंट काय आहे?" असं मोघम नको. ज्याच्या उत्तराने तुमचा प्लॅन बदलेल असंच विचारा. लॉगिनच्या आत काय आहे, पैसे की वाचनालयाची पुस्तकं? पासवर्ड आपण साठवतो की गूगलकडून लॉगिन होतं? चुकीचे प्रयत्न किती चालतात, त्यानंतर काय होतं? सेशन किती वेळ टिकतं?

समजा उत्तरं अशी आली: वेब ॲप आहे, लोक आत येऊन बिलं भरतात. ईमेल आणि पासवर्ड आपल्याच डेटाबेसमध्ये आहेत. पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं पंधरा मिनिटं बंद होतं. ओटीपी अजून नाही. इथून पुढे मी हेच ॲप धरून बोलते.

मग नुकसान मोजा

फळ्यावर चार ओळी लिहा, महागापासून स्वस्ताकडे. एक, परका माणूस आत शिरला. दोन, खरा माणूस बाहेर अडकला. तीन, दार बंदच राहिलं, पण बाहेरच्याला आतली माहिती कळली, उदाहरणार्थ अमुक ईमेलचं खातं इथे आहे. चार, सगळं चाललं पण वापरताना त्रास झाला.

आता माझी चाळीस केसेसची यादी आठवा. त्यातल्या तीसेक चौथ्या ओळीतल्या होत्या. पहिल्या ओळीतली जेमतेम एक: चुकीच्या पासवर्डने लॉगिन होऊ नये. लॉगआउटनंतर जुनी कुकी चालते का, हे यादीत नव्हतंच. का? कारण मी स्क्रीन डोळ्यासमोर आणून विचार करत होते, आणि स्क्रीनवर ते दिसत नाही.

कुठल्या थरात काय

टेस्ट पिरॅमिड सगळ्यांनी ऐकलेला असतो. खाली भरपूर युनिट टेस्ट, मध्ये एपीआयच्या, वर थोड्या यूआयच्या. माइक कोन यांच्या २००९ च्या पुस्तकातून तो सगळीकडे पसरला. इंटरव्ह्यूत त्रिकोण काढून दाखवण्यात काही विशेष नाही. या फीचरमधली कुठली टेस्ट कुठल्या थरात आणि का, हे सांगता आलं पाहिजे.

मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: ही चूक जिथे जन्माला येते त्याच्या सगळ्यात जवळ उभं राहून ती पकडता येईल का? पाच प्रयत्नांचा नियम सर्व्हरच्या कोडमध्ये आहे. मग तो तपासायला ब्राउझर कशाला उघडायचा? ब्राउझरमध्ये फक्त ते तपासा जे ब्राउझरमध्येच बिघडू शकतं. फॉर्म भरून बटण दाबल्यावर माणूस खरंच आतल्या पानावर पोचतो का. चूक झाल्यावर संदेश दिसतो का. आतल्या पानाची लिंक थेट उघडली तर लॉगिनकडे नेऊन, लॉगिन झाल्यावर परत त्याच पानावर आणतो का. आणि लॉगआउट. झाल्या चार. या ॲपला यूआयच्या एवढ्याच लिहीन, असं मी आज आत्मविश्वासाने सांगते. समोरचा "एवढ्याच?" म्हणाला की समजायचं, खरी चर्चा आता सुरू झाली.

एक नियम पूर्ण सोडवून दाखवा

वेळ थोडा असतो, त्यामुळे एक नियम निवडून तळापर्यंत जा. मी पाच प्रयत्न आणि पंधरा मिनिटांचा नियम घेते, कारण त्यात पहिली, दुसरी आणि तिसरी अशा तिन्ही ओळी येतात.

आधी सीमा. चार चुका करून पाचव्यांदा बरोबर पासवर्ड टाकला, तर आत. आणि मोजणी परत शून्यावर आली पाहिजे, नाहीतर महिन्यातून एकदा चुकणारा माणूस पाचव्या महिन्यात अडकेल. पाच चुका करून सहाव्यांदा बरोबर टाकला, तर बाहेर. मग वेळेची सीमा: ८९९ व्या सेकंदाला बंद, ९०० व्या सेकंदाला उघडं.

हे ऐकल्यावर हमखास विचारतात, "मग टेस्ट पंधरा मिनिटं थांबणार?" `sleep(900)` म्हणालात तर संपलंच. घड्याळ कोडला बाहेरून द्यायचं, म्हणजे टेस्टमध्ये आपण ते हवं तसं पुढे ढकलू शकतो:

```python
def test_lock_15_minutes(auth, clock, user):
    for _ in range(5):
        auth.login(user.email, "chukicha")
    clock.advance(seconds=899)
    assert not auth.login(user.email, user.password).ok
    clock.advance(seconds=1)
    assert auth.login(user.email, user.password).ok
```

काही मिलिसेकंदांत होते. पण ही टेस्ट लिहिताना एक प्रश्न आपोआप वर येतो, बघा. ८९९ व्या सेकंदाला आपण एक प्रयत्न केला. खातं बंद असताना केलेल्या प्रयत्नामुळे पंधरा मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायची का? वरची टेस्ट "नाही" असं गृहीत धरते. रिक्वायरमेंटमध्ये हे लिहिलेलं नसतं. इंटरव्ह्यूत मोठ्याने म्हणा, "इथे मी प्रॉडक्टवाल्यांना विचारीन." टेस्ट लिहायला बसलं की स्पेसिफिकेशनमधली भोकं सापडतात, आणि ती कोड लिहिण्याआधी सापडली तर सगळ्यात स्वस्त.

दुसरी गोष्ट, एकाच वेळी आलेले प्रयत्न. हल्ला करणारा एकेक पासवर्ड सावकाश टाकत बसत नाही. वीस रिक्वेस्ट एकदम सोडतो. कोडने आधी मोजणी वाचली, मग त्यात एक मिळवला, मग परत लिहिली, असं असेल तर वीसही जणांना शून्यच दिसू शकतं आणि वीसही जण "एक" लिहून जातात. वीस प्रयत्न झाले, नोंद एकाची. ही चूक युनिट टेस्टमध्ये दिसत नाही, कारण तिथे डेटाबेस खोटा असतो आणि सगळं एकामागून एक चालतं. म्हणून ही टेस्ट एपीआयच्या थरात, खऱ्या डेटाबेसवर: वीस चुकीच्या रिक्वेस्ट एकदम सोडायच्या, मग एक बरोबर पासवर्डची. ती आत गेली, तर मोजणी हरवतेय.

पण इथे प्रामाणिक राहा. ही टेस्ट हिरवी आली म्हणून कोड बरोबर आहे असं होत नाही. टक्कर दर वेळी होईलच असं नाही. म्हणून सोबत कोडही उघडून बघायचा. वाढ डेटाबेसमध्ये एकाच वाक्यात होतेय का, म्हणजे असं काहीतरी:

```sql
UPDATE users SET failed = failed + 1 WHERE id = 42;
```

तसं असेल तर निदान नोंद हरवत नाही. टेस्टने काय सिद्ध होतं आणि काय नाही, हे स्वतःहून सांगणारा माणूस इंटरव्ह्यूत लक्षात राहतो.

संदेश एकच, आणि वेळही एकच

तिसरी ओळ आठवा, माहिती गळणं. "हा ईमेल नोंदलेला नाही" आणि "पासवर्ड चुकला" असे दोन वेगळे संदेश दिले, तर कोणीही हजार ईमेल टाकून आपल्याकडे कोणाकोणाची खाती आहेत ते काढू शकतो. म्हणून दोन्हीला संदेश एकच आणि स्टेटसही एकच, `401`. इथपर्यंत बरेच जण येतात.

पुढची पायरी अशी, की खातं बंद झाल्याचा संदेशही हीच चुगली करतो. "तुमचं खातं पंधरा मिनिटं बंद आहे" असं फक्त खऱ्या खात्यांनाच दिसलं, तर सहा प्रयत्नांत कळतं की खातं आहे. त्यामुळे एकतर नसलेल्या ईमेललाही तसंच वागवायचं, नाहीतर संदेश तोच ठेवून खऱ्या मालकाला ईमेल पाठवायचा. मालकाला ईमेल न पाठवता नुसता संदेश लपवला, तर तो बिचारा बरोबर पासवर्ड टाकून टाकून वेडा होईल. तिसरी ओळ वाचवताना दुसरी मोडते. हे ओढाताणीचे निर्णय आपले एकट्याचे नसतात. आपण ते टेबलावर आणायचे.

आणि वेळ. पासवर्ड पडताळायला बीक्रिप्टसारखी पद्धत असेल तर ती मुद्दाम संथ बनवलेली असते. ईमेलच सापडला नाही आणि कोड तिथूनच परतला, तर उत्तर झटकन येतं. संदेश एकच असला तरी घड्याळ बोलतं. याची टेस्ट कशी लिहाल? "दोन्ही उत्तरांत पाच मिलिसेकंदांपेक्षा जास्त फरक नको" अशी लिहिलीत, तर ती बिल्ड मशिनवर रोज उगाच लाल होईल आणि महिन्याभरात कोणीतरी ती बंद करून टाकेल. त्यापेक्षा युनिट थरात तपासा की ईमेल नसतानाही पासवर्ड पडताळणीचं फंक्शन एका नकली हॅशवर एकदा चाललं. कारण पकडा, परिणाम मोजत बसू नका.

बीक्रिप्टचा विषय निघालाच आहे तर एक आपल्या जवळचं उदाहरण. बीक्रिप्ट पासवर्डचे पहिले ७२ बाइटच बघतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, म्हणून लोकांना वाटतं ७२ म्हणजे पुष्कळ. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं. म्हणजे २४ चिन्हांत कोटा संपला. कोणी मराठीत लांबलचक वाक्य पासवर्ड म्हणून ठेवलं, तर पंचविसाव्या चिन्हापासून पुढे काहीही टाका, दार उघडू शकतं. काही लायब्ररी अशा वेळी त्रुटी देतात, काही गुपचूप कापतात. टेस्ट सोपी आहे: पहिली २४ चिन्हं सारखी आणि पंचविसावं वेगळं असे दोन पासवर्ड घ्यायचे, एकाने खातं उघडायचं, दुसऱ्याने लॉगिन करून बघायचं. `401` आलंच पाहिजे. ही पहिल्या ओळीतली चूक आहे आणि स्क्रीनकडे दिवसभर बघत बसलात तरी दिसणार नाही.

लॉगआउट म्हणजे खरंच लॉगआउट?

हे थोडक्यात, पण सोडू नका. लॉगआउट दाबलं, लॉगिन पान आलं, यूआयची टेस्ट हिरवी. छान. पण ब्राउझरने फक्त कुकी फेकून दिली आणि सर्व्हरवर सेशन जिवंतच राहिलं असेल तर? एपीआयच्या थरात: लॉगिन करा, कुकी बाजूला जपून ठेवा, लॉगआउट करा, आणि तीच जुनी कुकी घेऊन बिलांचं पान मागा. `401` हवं. पासवर्ड बदलल्यावरही हाच प्रयोग करा, दुसऱ्या मशिनवरच्या सेशनवर. ॲप जेडब्ल्यूटी टोकन वापरत असेल तर बहुतेक वेळा ही टेस्ट नापास होते, कारण असं टोकन मुदत संपेपर्यंत चालतं. मग प्रश्न येतो की मुदत किती मिनिटांची असली तर आपल्याला चालेल. तोही टीमचा निर्णय.

स्वतःच्याच टेस्टने दार बंद केलं

आता माझ्यावर ओढवलेली गोष्ट. मागच्या एका नोकरीत आमच्या तीनशेच्या आसपास यूआय टेस्ट होत्या. प्रत्येक टेस्ट सुरुवातीला ब्राउझरमध्ये लॉगिन करायची, आणि सगळ्या एकाच युजरने. कोणीतरी पाच प्रयत्नांची टेस्ट त्यात टाकली. तोच युजर वापरून. रोज रात्री टेस्ट समांतर चालायच्या. लॉकची टेस्ट ज्या क्षणी चालायची, त्यानंतरची पंधरा मिनिटं जी कुठली टेस्ट लॉगिन करायला जाईल ती पडायची. आज बिलाच्या टेस्ट लाल, उद्या प्रोफाइलच्या. जवळजवळ दोन आठवडे आम्ही "एन्व्हायर्नमेंट फ्लेकी आहे" असं म्हणत रीरन करत होतो. एका सीनियर दादांनी पडलेल्या टेस्टच्या वेळा वहीत लिहून काढल्या, तेव्हा दिसलं की रोज सगळ्या पडझडीला एकच पंधरा मिनिटांची खिडकी आहे. या दोन आठवड्यांत एक खरा बग रीरनच्या ढिगाखाली दबून बाहेर गेला. बग माझ्याच मॉड्यूलमधला होता.

त्यातून दोन नियम शिकले, ते इंटरव्ह्यूत सांगते. पहिला, लॉगिनच्या प्रत्येक टेस्टला स्वतःचा नवा युजर, एपीआयने तयार केलेला. दुसरा, लॉगिन ज्यांचा विषय नाही अशा टेस्टनी लॉगिन पानावर जायचंच नाही. एपीआयने सेशन घ्यायचं आणि ब्राउझरमध्ये ठेवायचं. प्लेराइटमध्ये त्यासाठी `storageState` आहे. लॉगिन पान मोडलं तर चार टेस्ट लाल व्हाव्यात, तीनशे नाहीत. चार लाल झाल्या की कारण लगेच कळतं.

काय सोडलं ते सांगा

शेवटची दोन मिनिटं यासाठी राखून ठेवा. कॅप्चा आपण ऑटोमेट करणार नाही. टेस्टच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये तो बंद ठेवू किंवा टेस्टची की वापरू. इंजेक्शनच्या शंभर ओळी यूआयमधून टाकणार नाही. क्वेरी पॅरामीटर वापरून लिहिल्यात का ते कोड रिव्ह्यूत बघू आणि एपीआयला दोन-चार टेस्ट ठेवू. स्क्रीन रीडरने फॉर्म वाचता येतो का आणि पासवर्ड मॅनेजरने पासवर्ड नीट भरला जातो का, हे माणसाने बसून बघायचं, दर रिलीजला नाही, फॉर्म बदलला की. लोड टेस्टिंग वेगळं.

आणि मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर? उद्या सकाळी रिलीज, फक्त पाच. माझ्या आजच्या पाच अशा: बरोबर पासवर्डने ब्राउझरमधून आत जाता येतं. चुकीच्या पासवर्डने एपीआय सेशन देत नाही. पाच चुकांनंतर बरोबर पासवर्डही चालत नाही. पंधरा मिनिटांनी चालतो. लॉगआउटनंतर जुनी कुकी मेलेली असते. तीन परक्याला बाहेर ठेवायला, दोन मालकाला आत घ्यायला.

तुमच्या पाच वेगळ्या असू शकतात. वाचनालयाचं ॲप असेल तर असायलाच हव्यात. प्रत्येकीपुढे "का" लिहा आणि मला पाठवा, पुढच्या भागात त्यातल्या काही वाचून दाखवीन. आणि पुढच्या भागाचा विषय, याच लॉगिनला ओटीपी जोडला तर यातलं काय काय मोडतं. भेटूच.